मॉलमधला मोदकांचा काउंटर: ठरलेलं भाडं की विक्रीतला वाटा?

प्रश्न: मी आणि माझी जाऊ सिंहगड रोडला घरून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करून देतो. पुण्यातल्या एका मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर एस्केलेटरजवळ सहा बाय आठ फुटांची किऑस्कची जागा मिळते आहे. त्यांनी दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे दरमहा ५५,००० ठरलेलं भाडं. दुसरा म्हणजे ३५,००० मिनिमम गॅरंटी किंवा विक्रीचे २० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. दोन्हींत कॅमचे ७,००० आणि जीएसटी वेगळा. करार ११ महिन्यांचा, त्यात ६ महिने लॉक-इन, म्हणजे तोवर जागा सोडता येत नाही. रोजचा फूटफॉल १५,००० आहे असं सांगतात. आम्हाला दुसरा पर्याय सुरक्षित वाटतो. बरोबर आहे का?

उत्तर:

ताई, दुसरा पर्याय बुडण्यापासून वाचवत नाही. बुडताना नाकात पाणी थोडं कमी जातं, इतकंच. मी चौदा वर्षं पुण्यात आणि ठाण्यात मॉलमधले छोटे काउंटर चालवतो आहे, त्यातले दोन बंदही केले. हे गणित मला त्या दोन काउंटरांनी शिकवलं.

आधी तुमचा खर्च मांडू. मी धरलेले आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या वहीतले खरे आकडे त्यांच्या जागी घाला. तांदळाची पिठी, नारळ, गूळ, तूप, डबे आणि मोदक वळणाऱ्या बायकांची मजुरी मिळून विक्रीच्या ४० टक्के धरतो. रात्री उरलेला माल टाकावा लागतो, त्याचे ५ टक्के. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी विकायचा नसतो हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीतून हातात ५५ राहतात आणि बाकी सगळं त्यातून भागवायचं.

आता महिन्याचा बांधील खर्च, भाडं सोडून. मॉल सकाळी अकरा ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस चालू असतो. काउंटर एक तास उशिरा उघडला तरी दंड लावणारे मॉल आहेत. हे आठवड्याचे ७७ तास झाले. एका माणसाचे ४८ धरले आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर दोघं हवीत, तर दोन पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ माणूस लागतोच. त्यांचे ४२,००० होतात. स्वयंपाकघरातून दिवसाला दोन फेऱ्यांच्या रिक्षाचे ९,०००. विजेचे ५,०००. कॅम म्हणजे मॉलच्या सामाईक देखभालीचे ७,०००, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ८,३०० च्या आसपास. बिलिंग, गणवेश आणि किरकोळ खर्च ३,७००.

राहिला किऑस्क उभारायचा खर्च. मॉलच्या डिझाइनप्रमाणे, त्यांनी ठरवलेल्या उंचीचा आणि त्यांना चालेल त्याच लॅमिनेटचा किऑस्क २,२०,००० ला पडेल असं धरू. बहुतेक लोक हा खर्च पाच वर्षांवर पसरवतात आणि इथेच फसतात. तुमच्या हातातला करार ११ महिन्यांचा आहे आणि तो किऑस्क दुसऱ्या मॉलच्या मापात बसेलच असं नाही. म्हणून तो अकरा महिन्यांतच वसूल व्हायला हवा, म्हणजे महिन्याला २०,०००. हे सगळं मिळून भाड्याशिवाय ८८,००० होतात.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कापडाच्या किंवा दागिन्यांच्या दुकानदाराला हा कर आपल्या विक्रीच्या करातून वळता करून घेता येतो. तुम्हाला बहुधा येणार नाही. काउंटरवर खाण्याचा तयार पदार्थ विकताना रेस्टॉरंटसारखा ५ टक्के कर लावायचा असतो आणि त्या ५ टक्क्यांची अट अशी की आधी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणून तुमच्यासाठी ५५,००० चं भाडं खरं म्हणजे ६४,९०० आहे आणि २० टक्क्यांचा वाटा खरं म्हणजे २३.६ टक्के. छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत गेलात तर तेच ५ टक्के गिऱ्हाइकाकडून न घेता स्वतःच्या खिशातून भरावे लागतील, क्रेडिट तिथेही नाही. डबाबंद कोरडा माल विकणार असाल तर त्याचा कर वेगळ्या वाटेने जातो, ते तुमच्या सीएकडून लिहून घ्या.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवून बघा. ठरलेल्या भाड्यात ८८,००० आणि ६४,९०० मिळून १,५२,९०० झाले. शंभरातले ५५ हातात राहतात, तर एवढे भरून निघायला करवजा विक्री २,७८,००० लागते. वाट्याच्या पर्यायात ५५ मधून २३.६ मॉलला गेले की ३१.४ उरतात. त्यातून ८८,००० काढायचे तर विक्री २,८०,००० लागते. दोन्हींचा ना नफा ना तोटा बिंदू जवळजवळ एकच आहे! लीजिंगवाल्यांनी आकडे अंदाधुंद टाकलेले नाहीत. ५५,००० ला २० टक्क्यांनी भागलं की २,७५,००० येतात. त्यांच्या हिशेबात तुमच्यासारखा काउंटर तेवढी विक्री करतो, म्हणून तुम्ही कुठलाही पर्याय घेतलात तरी त्यांचं तेवढंच निघतं.

फरक पडतो तो त्या बिंदूच्या दोन बाजूंना. विक्री २ लाखांवर अडकली तर ठरलेल्या भाड्यात महिन्याला ४२,९०० जातील, वाट्यात २५,२००. विक्री ४ लाखांवर गेली तर ठरलेल्या भाड्यात ६७,१०० राहतील, वाट्यात ३७,६०० च. धंदा चालला तर वाट्याचा करार महिन्याला तीसेक हजारांनी महाग पडतो. तुम्ही ज्याला सुरक्षितता म्हणता तिचा हा हप्ता आहे. पहिल्याच वर्षी, माणसं कशी वळतील याचा अंदाज नसताना, तो भरायला मीही तयार असतो. पण आधी २,८०,००० गाठता येतील का ते बघायला हवं.

म्हणून हा आकडा बिलांत उतरवू. करासकट सरासरी बिल १४० धरलं तर करवजा १३३ रुपये हातात येतात. महिन्याला २,८०,००० म्हणजे दिवसाला सरासरी ७० बिलं, आठवड्याला ४९०. शनिवार-रविवारी विक्री दुपटीहून थोडी जास्त असते. म्हणजे कामाच्या दिवशी साधारण ५२ आणि सुटीच्या दिवशी ११५ बिलं. एवढी बिलं त्या जागेवर होतात का, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर १५,००० च्या फूटफॉलमध्ये सापडत नाही. तो आकडा प्रवेशद्वारांवरचे कॅमेरे मोजतात. मॉलमध्ये काम करणारी माणसं, दोनदा आत-बाहेर केलेली माणसं, एसीत बसायला आलेली कॉलेजची पोरं, सगळी त्यात येतात, आणि त्यातली बरीच तुमच्या मजल्यावर फिरकतही नाहीत. १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला तेव्हा गर्दी इतकी उसळली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल तर आत जायला ६० रुपये मागायची पाळी आली. ते फार काळ टिकलं नाही. पण फिरायला येणारा आणि घ्यायला येणारा हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे तेव्हाही मॉलवाल्यांना ठाऊक होतं.

तुम्ही स्वतः मोजा. एक बुधवार आणि एक शनिवार निवडा. जागेसमोर बाक असेल तर उत्तम. दर तासाला पंधरा मिनिटं मोजायचं आणि चारने गुणायचं. जागेपासून आठ-दहा फुटांच्या आतून जाणारेच धरायचे, समोरच्या कठड्याकडून जाणारे नाहीत. जाणारे आणि परतणारे यांच्या रेघा वेगळ्या मारा. इतर धंद्यांत मी इतका काटेकोर नसतो, पण मोदकाला हे लागतंच. आत शिरणारा माणूस हातात गरम मोदकांचा डबा घेऊन दोन तास हिंडत नाही, तो परतताना घेतो. सिनेमाला निघालेले लोक तर तुमच्या मोजणीतून बाहेरच काढा. थिएटरात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, आणि सुटल्यावर ते घाईने लिफ्ट गाठतात. एस्केलेटरजवळची जागा म्हटली की लोक खूश होतात, पण वर येणाऱ्या टोकाशी आणि खाली जाणाऱ्या टोकाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात फरक असतो. तुमच्या मालासाठी पार्किंगच्या लिफ्टची वाट किंवा किराणा सुपरमार्केटचं बाहेर पडायचं दार सगळ्यात चांगलं. घरी न्यायच्या पिशव्या आधीच हातात असतात, त्यात एक डबा सहज जातो. फूड कोर्टाशेजारी मात्र मी बसणार नाही.

मोजणीइतकंच महत्त्वाचं दुसरं काम शेजाऱ्याच्या बिलांचं. जवळ मक्याच्या दाण्यांचा किंवा कुल्फीचा किऑस्क असेलच. तो उघडल्या उघडल्या सगळ्यात स्वस्त वस्तू घ्या आणि बिल मागा. रात्री बंद व्हायच्या आधी पुन्हा एक घ्या. बिलाचा क्रमांक ओळीने वाढत जावा असा जीएसटीचा नियम आहे, म्हणून दोन क्रमांकांमधला फरक म्हणजे दिवसभरातली बिलं. दोन गोष्टी मात्र तपासा. बिलावर मोठ्या अक्षरांत असतो तो टोकन नंबर, तो रोज एकपासून सुरू होतो, त्याच्याकडे बघू नका. आणि डिलिव्हरीच्या ऑर्डरही त्याच मशीनवर निघत असतील तर त्या आकड्यात मिसळलेल्या असतात. डिलिव्हरीची पोरं किती आली ते उभ्या उभ्या मोजता येतं.

समजा, बुधवारी तुमच्या समोरून १,९०० माणसं गेली आणि शनिवारी ४,८००. मकेवाल्याची बिलं बुधवारी ४१ आणि शनिवारी ९७ निघाली. म्हणजे शंभरात दोनेक माणसं थांबतात. आठवड्याची बिलं ३९९ झाली, रोजची सरासरी ५७. तुम्हाला ७० हव्यात. मका हातात धरून खाता येतो आणि पोरं त्यासाठी हट्ट करतात. त्याच्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने जास्त बिलं तुमची होतील, तीही १४० ची, असं धरून चालणं म्हणजे धाडस आहे. ५७ बिलांवर विक्री २,२८,००० होते. त्यात पहिल्या पर्यायात महिन्याला साडेसत्तावीस हजार जातात, दुसऱ्यात साडेसोळा.

अशी मोजणी हातात घेऊन बोलायला बसलात की काय मागायचं ते आपोआप दिसतं. पुष्कळ जण सगळा जोर मिनिमम गॅरंटी कमी करण्यावर लावतात. ती ३५,००० वरून २५,००० केली आणि वाटा २० टक्केच ठेवला, तर तुमचा २,८०,००० चा बिंदू जागचा हलत नाही, कारण तिथे वाटाच लागू असतो, गॅरंटी नव्हे. उलट वाटा १२ टक्क्यांवर आणला आणि गॅरंटी ३५,००० च राहिली, तरी बिंदू २,३५,००० च्या खाली जात नाही, कारण आता गॅरंटी आडवी येते. दोन्ही थोडं थोडं हलवायला हवं. गॅरंटी ३०,००० आणि वाटा १५ टक्के मागा. मग बिंदू २,३६,००० वर येतो, म्हणजे दिवसाला ५९ बिलं. त्यात पक्क्या किऑस्कऐवजी चाकांची गाडी चालवू दिली, जी पुढे दुसरीकडे नेता येईल आणि जिचा महिन्याचा भार २०,००० ऐवजी ८,००० पडेल, तर ५१ बिलांवर भागतं. हे मकेवाल्याच्या ५७ च्या आत आहे. या आकड्याला मी सही करीन. वरच्या कुठल्याही आकड्याला नाही.

वाट्याच्या करारात टक्क्यांइतकाच जीव ‘विक्री’ या शब्दाच्या व्याख्येत असतो. मॉल तुमच्या बिलिंगला आपलं सॉफ्टवेअर जोडतो किंवा रोज रात्री दिवसाचा एकूण आकडा मागतो, वर्षाकाठी सीएचा दाखलाही मागतो. त्या आकड्यातून जीएसटी वगळलेला हवा, परत केलेला माल वगळलेला हवा. मसुद्यात ‘जागेतून किंवा जागेच्या नावाने घेतलेली प्रत्येक ऑर्डर’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर थांबा. तुमचा वर्षाचा मोठा धंदा गणपतीत होतो. चतुर्थीला पाचशे-हजार मोदकांच्या ऑर्डरी आठवडाभर आधी फोनवर येतात आणि माल सिंहगड रोडवरून जातो. काउंटरवरच्या मुलीने डायरीत नाव लिहून घेतलं एवढ्यावरून मॉलने त्या सगळ्यावर २० टक्के मागितले तर? स्वयंपाकघरातून बनून परस्पर घरपोच जाणारा आणि तिथूनच बिल निघणारा माल विक्रीत धरायचा नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. आणि मग तसंच वागा. काउंटरवर पैसे घेऊन बिल घरचं फाडायचं, हे मॉलच्या कॅमेऱ्यात दिसतं आणि अनामतीवर येतं.

डिलिव्हरी ॲपच्या ऑर्डरी काउंटरवरून पाठवू नका, याचंही कारण हेच. शंभर रुपयांच्या ऑर्डरीत माल आणि वाया जाणं मिळून ४५ गेले. ॲपचं कमिशन २५ टक्के धरलं तर त्यावरच्या करासकट २९.५० गेले. मॉलचे २३.६० गेले. उरले एक रुपया नव्वद पैसे. तीच ऑर्डर घरच्या स्वयंपाकघरातून गेली तर मॉलचा वाटा वाचतो. त्यासाठी स्वयंपाकघर आणि काउंटर या दोन जागांचा खाद्यपरवाना वेगवेगळा घ्यावा लागेल. तो तसाही घ्यावा लागतोच.

काउंटरवर ज्योत चालणार नाही, हे विचारून घेतलं असेल. वाफेवर गरम ठेवायचं भांडं विजेचं लागेल. त्या जागेला किती किलोवॉटचा भार मंजूर आहे ते लेखी घ्या, मगच भांडं विकत घ्या.

आता जागा बदलण्याच्या कलमाकडे या. जवळजवळ प्रत्येक किऑस्कच्या करारात मॉल तुम्हाला हलवू शकतो असं लिहिलेलं असतं. माझा उपवासाच्या पदार्थांचा एक काउंटर होता, मॉलचं नाव सोडा. दिवाळीच्या तोंडावर गाड्यांचं प्रदर्शन लावायचं म्हणून त्यांनी मला तीस-चाळीस फूट सरकवून एस्केलेटरच्या मागच्या अंगाला नेलं. तोच मजला, तीच माणसं, पण आता ती पाठमोरी जात होती. विक्री निम्म्यावर आली आणि गॅरंटी मात्र पूर्ण द्यावी लागली, कारण सही माझीच होती. बंद केलेल्या दोघांतला हा पहिला. तेव्हापासून मी एक वाक्य घालून घेतो: जागा हलवली तर नव्या जागी गॅरंटी नाही, फक्त टक्के, हलवण्याचा खर्च मॉलचा, आणि तीस दिवसांत नवी जागा पटली नाही तर लॉक-इन संपलं. पहिल्या दोन मागण्या बहुतेक मान्य होतात. तिसरीसाठी भांडावं लागतं. लॉक-इन सहाऐवजी तीन महिन्यांचं झालं तर मग तिच्यासाठी ताणू नका.

या सगळ्याआधी एक स्वस्त मार्ग आहे. बरेच मॉल शनिवार-रविवारसाठी टेबल देतात, दिवसाच्या भाड्याने. चार आठवडे, दोन-दोन दिवस, शक्य तितक्या त्याच जागेच्या आसपास बसा. थोडं नुकसान झालं तरी सहा महिन्यांच्या लॉक-इनपुढे ते काहीच नाही. रोज बिलं किती, सरासरी बिल केवढं, रात्री किती मोदक उरले आणि किती माणसं विचारून भाव ऐकून पुढे गेली, हे चार आकडे लिहा. सुटीच्या दिवशी ११५ ऐवजी ८० च्या आसपास बिलं होत असतील तर वरची घासाघीस करूनही ही जागा परवडणार नाही, कारण चाकांच्या गाडीच्या ५१ च्या सरासरीलाही सुटीला ऐंशीच्या वर जावं लागतं. चार आठवड्यांच्या आसपास एक संकष्टी येईल. ती शनिवारी किंवा रविवारी आली तर त्या दिवसाचा गल्ला वेगळा लिहा, सरासरीत मिसळू नका.